‘विनंतीनुसार’ लिहिण्याआधी मालकाला एक फोन करा

तारकर्ली, गुहागर, दिवेआगर, कुठल्याही किनाऱ्यावरच्या राहण्याच्या जागेचं इंग्रजीवरून केलेलं मराठी पत्रक उघडा. ‘मानार्थ नाश्ता’, ‘उपलब्धतेच्या अधीन लवकर प्रवेश’, ‘विनंतीवरून अतिरिक्त पलंग’ असलं काहीतरी हमखास सापडतं. शब्दकोशात बघून लिहिलेलं असतं, म्हणून ते बरोबर आहे असा लिहिणाऱ्याचा समज असतो. पाहुण्याला मात्र तीनच गोष्टी कळायला हव्या असतात: पैसे पडतील का, आधी सांगावं लागेल का, आणि ऐन वेळी नाही म्हणतील का. तुमच्या मराठीतून ही उत्तरं मिळत नसतील तर ते पत्रक पाहुण्याच्या उपयोगाचं नाही.

हा घोळ तीन इंग्रजी शब्दांपाशी होतो. पहिला, कॉम्प्लिमेंटरी. हा सोपा आहे, तरी सगळ्यात जास्त हसं याच शब्दानं होतं. ‘प्रशंसात्मक नाश्ता’ मी स्वतः एका पाटीवर वाचलाय. ‘पूरक नाश्ता’ होतो तो इंग्रजीतल्या एका अक्षराच्या घोळामुळे. त्याच उच्चाराचा, पूरक अशा अर्थाचा दुसरा शब्द आहे. ‘मानार्थ’ आला पुस्तकांच्या धंद्यातून. प्रकाशक मानार्थ प्रत देतो ते ठीक, पण घावणे-चटणी कुणी मानार्थ वाढत नाही. नाश्ता खोलीच्या भाड्यातच धरलेला असेल तर ‘नाश्ता भाड्यातच’ लिहा. राज्याच्या पर्यटन खात्याच्या योजनेचं नावच ‘निवास व न्याहारी’ आहे, त्यात कुणाला कोडं पडत नाही. ‘मोफत’ हा शब्द वायफाय, पाण्याची बाटली यांच्यासाठी ठेवा. आणि किती जणांचा ते लिहायला विसरू नका. बहुतेक ठिकाणी दोघांचा नाश्ता भाड्यात असतो, तिसऱ्याचा बिलात येतो.

सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी. ‘अधीन’ हा सरकारी कागदातला शब्द, तो तिथेच राहू दे. ‘उपलब्धतेनुसार’ त्याहून फसवा, कारण त्यातून ‘थोडंफार तरी मिळेलच’ असं वाटतं. इंग्रजीत काय उपलब्ध हवं ते सांगावं लागत नाही. मराठीत त्या वस्तूचं नाव घेतल्याशिवाय वाक्य उभंच राहत नाही. तेव्हा नाव घ्या. कोकणकन्येनं भल्या सकाळी कुडाळला उतरलेला पाहुणा आठ वाजता दारात येतो, आदल्या दिवशीचे लोक दहाला खोली सोडणार असतात. त्याच्यासाठी वाक्य असं: ‘खोली रिकामी असेल तरच बाराच्या आधी मिळेल.’ मासळीच्या थाळीसाठी: ‘बाजारात ताजे मासे मिळाले तरच.’ 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा हे वाक्य पाहुण्याला दोनदा वाचायला लावलं तरी चालेल.

‘तरच’ मधला ‘च’ काढू नका. मालक काढायला सांगतात.

ऑन रिक्वेस्ट. इथे मी आपटले होते, म्हणून इथे जरा थांबते.

सुरुवातीच्या दिवसांत मालवण तालुक्यातल्या एका घरासाठी मी ‘मागणीनुसार जादा गादी उपलब्ध’ असं लिहिलं. मला ते चांगलं सुटसुटीत वाटलं होतं. मे महिन्यात सहा जणांचं कुटुंब रात्री नऊला पोचलं. दोन खोल्या घेतल्या आणि दोन गाद्या मागितल्या. घरात जादा गादी होती एकच, तिचेही पाचशे रुपये पडत होते, आणि ती आदल्या दिवशी सांगितलं तरच माडीवरून काढून उन्हात टाकली जायची. पत्रक हातात धरून ते गृहस्थ म्हणाले, ‘मागणी केली, आता आणा.’ त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी लिहिलेल्या वाक्याचा तोच अर्थ होता. दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. ते काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मला उमगलं की ‘विनंती’ मराठीत दोन तऱ्हांनी चालते. एसटीचा विनंती थांबा असतो: हात दाखवला की गाडी थांबते, जादा पैसे नाहीत, आधी सांगणं नाही. आणि शिक्षकांची विनंती बदली असते: अर्ज करायचा, वाट बघायची, मिळाली तर मिळाली. हॉटेलवाल्याच्या मनात विनंती बदली असते, वाचणाऱ्याच्या मनात विनंती थांबा. ‘विनंतीनुसार’, ‘मागणीनुसार’, ‘मागितल्यास मिळेल’ हे तिन्ही वाचणाऱ्याला थांब्यावरच नेऊन उभं करतात.

म्हणून या शब्दाचं ठरलेलं भाषांतर मी कुणाला देत नाही. तसं ते नाहीच. प्रत्येक सुविधेसाठी मालकाला फोन करून विचारायचं: किती आधी सांगायचं, पैसे किती, आणि नाही म्हणायची वेळ येते का. या उत्तरांचंच वाक्य होतं. त्याच गादीचं मी पुढे असं केलं: ‘जादा गादी हवी असल्यास आदल्या दिवशी कळवा. एका गादीचे 500 रुपये. एकच गादी आहे, आधी सांगणाऱ्याला मिळेल.’ ‘एक्स्ट्रा मॅट्रेस ऑन रिक्वेस्ट’ या इंग्रजीतल्या चार शब्दांची तीन वाक्यं झाली. होऊ द्यात. पत्रकात जागा नसेल तर समुद्राचा एक फोटो कमी करा.

उत्तरं दर वेळी वेगळी येतात, हेही ध्यानात ठेवा. त्याच घरात उकडीचे मोदकही ‘ऑन रिक्वेस्ट’ होते, पण तिथे नाही म्हणण्याचा प्रश्न नव्हता. फक्त नारळ खवायला आणि पिठी काढायला वेळ हवा होता. म्हणून ‘मोदक हवे असल्यास सकाळी सांगा, रात्रीच्या जेवणात मिळतील, पैसे वेगळे.’ इस्त्रीसुद्धा ‘ऑन रिक्वेस्ट’ होती. ती मालकीणबाईंच्या कपाटात असायची, मागितली की लगेच द्यायच्या. तिथे ‘इस्त्री मागून घ्या’ एवढं पुरलं. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच शब्द, मराठीत तीन निराळी वाक्यं. कुणी तिन्हीकडे ‘विनंतीनुसार’ डकवलं असेल तर त्यानं फोन केलेला नाही हे मला लगेच कळतं.

कधी दोन्ही शब्द एकत्र येतात, ‘ऑन रिक्वेस्ट अँड सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी’. ते एकाच ‘उपलब्धतेनुसार’मध्ये गुंडाळू नका. पहिला शब्द पाहुण्यानं काय करायचं ते सांगतो, दुसरा मालकाकडे काय असायला हवं ते. ‘आधी कळवा, होडी मोकळी असेल तर सोय करू’ यात दोन्ही येतं.

मालक कुरकुरतात. ‘असा लिवलंस तर पावणे येतले काय?’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर तयार असतं: पावणे येतले, आणि रात्री नऊला गादीवरून भांडचे नाय. ‘मिळू शकेल’ असं गुळमुळीत लिहा, असा सल्ला देणारेही भेटतात. ऐकू नका. ‘मिळू शकेल’ हे आपल्याकडे सभ्यपणे दिलेलं ‘हो’ समजलं जातं.

शेवटी मराठी मजकूर इंग्रजी न बघितलेल्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा, ‘गादीचे पैसे पडतील?’ तो ‘बहुतेक नाही’ म्हणाला तर परत फोन उचला.