रसमलाई बिघडते ती पाकात नाही, फडक्यात : या चुका टाळा

रसमलाईच्या टिक्क्या पाकात विरघळल्या की आपण पाकाला दोष देतो. रबरासारख्या झाल्या की म्हणतो, जास्त शिजल्या. मीही बरीच वर्षं गॅस आणि साखरेच्या प्रमाणाशीच झगडत होते. खरी गडबड त्याच्या तासभर आधी, छेना फडक्यात बांधून लटकवला होता तिथे झालेली असते. छेन्यात पाणी किती उरलंय, यावर पुढचं जवळपास सगळं ठरतं.

आपल्या मराठी घरांत ही चूक होण्याला एक कारण आहे. फडक्यात बांधून लटकवायचा पदार्थ म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर श्रीखंडाचा चक्का येतो. तो रात्रभर टांगला, अगदी कोरडा झाला, की आपण खूश. मीही पहिल्यांदा छेना तसाच टांगला. वर पाण्याचं पातेलंही ठेवलं, पनीरला ठेवतो तसं. सकाळी छान घट्ट गोळा मिळाला. मळताना तो भुरभुरत होता, तरी मी रेटून टिक्क्या केल्या. पाकात त्या फुटल्या नाहीत, पण फुगल्याही नाहीत. दुधात आठ तास ठेवूनही आत पांढरा, कोरडा गाभा तसाच होता.

असं का होतं? टिक्की उकळत्या पाकात पडली की छेन्यातल्या पाण्याची वाफ होते, ती आतून ढकलते आणि बारीक बारीक जाळी पडते. याच जाळीत आधी पाक आणि मग केशरी दूध शिरतं. पाणीच नसेल तर वाफ नाही आणि जाळीही नाही. उलट पाणी फार राहिलं तर वाफेच्या जोराला धरून ठेवण्याइतका छेना घट्ट नसतो आणि टिक्की पाकात विखुरते.

एक लिटरचा हिशोब

एक लिटर गाईचं दूध उकळा, गॅस बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. दोन मोठे चमचे लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून ठेवलेला असू द्या. तो चमचा चमचा घाला आणि हलक्या हाताने ढवळा. खळखळत्या दुधात नुसता रस एकदम ओतला तर छेना दाणेदार आणि चिवट होतो. पिवळसर-हिरवट, नितळ पाणी वेगळं झालं की थांबा. रस उरला असेल तर उरू दे. लगेच गार पाणी ओतून छेना फडक्यात गाळा आणि नळाखाली दोन-तीन वेळा हाताने उलथापालथ करत धुवा. हे धुणं नुसतं आंबट चव घालवण्यासाठी नाही. आंबटपणा आत राहिला तर शेवटी रसाचं, म्हणजे टिक्क्या भिजवायचं केशरी दूधही फाटू शकतं.

आता पुरचुंडी हाताने हलकी पिळा आणि नळाला साधारण अर्धा तास टांगा. वजन ठेवू नका. एक लिटरचा छेना साधारण 170 ते 180 ग्रॅम भरतो. माझा त्या दिवशीचा चक्क्यासारखा गोळा 140 ग्रॅमच्या आसपास होता. स्वयंपाकघरात छोटा काटा असेल तर हा फरक मळण्याआधीच कळतो. काटा नसेल तर चिमूटभर छेना बोटांत चोळा. तो एकजीव व्हायला हवा आणि बोटं ओलसर व्हायला हवीत, पण पाण्याचा थेंब सुटायला नको. भुरभुरला तर ओला हात फिरवत मळा, थोडा सावरतो. पाणी सुटत असेल तर परत दहा मिनिटं टांगा.

म्हशीच्या दुधाचा छेना मुळातच कडक होतो. दुसरं दूध मिळत नसेल तर लिटरला पाव लिटर पाणी घालून मग नासवा, बराच मऊ पडतो. रसासाठी मात्र म्हशीचंच दूध घ्या, लवकर दाट होतं.

मळणं कुठे थांबवायचं

परातीत तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने छेना पुढे रगडत न्यायचा आणि गोळा करायचा. आठ-दहा मिनिटं. दाणा जातो, गोळा गुळगुळीत होतो आणि परातीला हलकासा तुपकटपणा जाणवतो. तिथे थांबा. त्याच्या पुढे मळत राहिलं तर तूप सुटतं आणि टिक्की पाकात फुटते. 14-15 ग्रॅमचे बारा गोळे करून चपटे करा. कडेला एकही चीर नको. चीर दिसली की तो गोळा पुन्हा वळा, कारण टिक्की तिथूनच उघडते.

सगळ्या टिक्क्या सोडायच्या आधी एकच सोडून बघा. पाच मिनिटांत ती विखुरली तर उरलेल्या छेन्यात एक छोटा चमचा मैदा मळून घ्या. माझ्या हातून बिघडू शकणारे कितीतरी डबे या एका टिक्कीने वाचवलेत.

पाक पातळच हवा

एक लिटर पाण्याला एक वाटी, म्हणजे सुमारे 200 ग्रॅम साखर. तारेचा विचारही नको. दाट पाक टिक्कीतलं पाणी ओढून घेतो, ती आकसते. पसरट पातेल्यात पाक खळखळू लागला की टिक्क्या सोडा आणि झाकण ठेवून मोठ्या आचेवर बारा ते पंधरा मिनिटं शिजवा. फुगून जवळजवळ दुप्पट होतात, म्हणून गर्दी नको. इथे एक गोष्ट सुटून जाते : उकळताना पाणी उडतं आणि पातळ पाक आपोआप दाट होत जातो. पाच मिनिटांनी कडेने अर्धी वाटी गरम पाणी घाला. गार घातलं तर उकळी बसते आणि टिक्क्या चपटतात. एक टिक्की वाटीभर पाण्यात टाकून बघा. तळाशी बसली तर शिजली, तरंगली तर अजून दोन मिनिटं. शिजल्यावर पाकातच कोमट होऊ द्या.

रस

रबडी नको, बासुंदीही नको. एक लिटर दूध आटून साधारण 700 मिली राहिलं की बस. फ्रिजमध्ये ते आणखी दाट होतं, आणि दाट दूध टिक्कीत शिरत नाही, वरच बसतं. पंधरा-वीस केशरकाड्या कोमट दुधात चुरून घाला. साखर तीन-चार मोठे चमचे पुरे, टिक्क्या पाकातली गोडी घेऊन येतात.

कोमट टिक्की दोन तळव्यांमध्ये ठेवून हलकेच दाबा, पाक निघू द्या आणि लगेच कोमट दुधात सोडा. दाबलेली टिक्की फुलताना दूध ओढते. न दाबता टाकली तर पाक आत तसाच राहतो आणि केशराचा वास वरवरच लागतो. दूध उकळतं नको, टिक्की त्यात परत शिजून आवळते. मग फ्रिजमध्ये पाच-सहा तास. एक टिक्की मधोमध कापून बघा, पिवळा रंग गाभ्यापर्यंत पोचला असेल तर पानात वाढा.

गाभा पांढराच असेल तर मंद आचेवर सगळं पुन्हा कोमट करा आणि परत चार तास ठेवा. टिक्क्या फक्त कमी भिजल्या असतील तर याने सुधारतात. कोरड्या छेन्याच्या असतील तर सुधारत नाहीत. त्या हाताने कुस्करून त्याच दुधात दहा मिनिटं मंद उकळा, वेलची घाला आणि छेन्याची खीर म्हणून वाढा.