परदेशातल्या पत्रमैत्रिणीला पहिलं पत्र: सुरुवात कशी करावी

आमची भाची सई इंदूरला असते. जपानमधल्या युकीला पहिलं पत्र लिहायला बसली आणि मायन्यातच अडली. आजीने सुचवलं, "स. न. वि. वि. घाल." पण 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' याचं इंग्रजी केलं की तो एखादा अर्ज वाटतो! पत्र शेवटी इंग्रजीत जाणार असलं तरी कच्चं मराठीतच लिहावं, म्हणजे काय सांगायचंय ते आधी ठरतं. मायना मात्र नुसता 'प्रिय युकी' पुरे.

वर उजवीकडे गाव आणि तारीख. महिना अक्षरांत लिहावा. आपण दिवस आधी लिहितो, जपानी लोक वर्ष आधी लिहितात, म्हणून नुसते आकडे गोंधळ घालतात.

नावाचंही तसंच. जपानमध्ये आडनाव आधी येतं, आपल्याकडे मधे वडिलांचं नाव. म्हणून पूर्ण नाव लिहून वर 'मला सई म्हण' असं सांगून टाकावं.

खरी गोम ओळखीच्या परिच्छेदात आहे. सईने आधी लिहिलं होतं, 'इंदूर हे मध्य प्रदेशातील स्वच्छ शहर आहे.' झाला निबंध! मी तिला एकच कसोटी दिली: हे वाक्य शेजारच्या मुलीच्या पत्रात जसंच्या तसं चालेल का? चालत असेल तर खोडायचं. 'नाश्त्याला पोहे' हेही तिथे कळणार नाही. 'चपटे केलेले तांदूळ, वर शेव' म्हटलं की भात खाणारी युकी लगेच ओळखेल. जपानी पत्रात सुरुवातीला ऋतूचा उल्लेख करायची रीत आहे, म्हणून हवामानाची एक ओळ ठेवली. शेवटी हे उरलं:

"प्रिय युकी,
नमस्कार! आम्ही हात जोडून असं म्हणतो. मी सई, वय १३. इथे पाऊस सुरू झालाय, दिवसभर चिकचिक, पण रात्री छान गार होतं. घरी आम्ही मराठी बोलतो आणि बाहेर पडलं की हिंदी, कारण १८व्या शतकात होळकरांचं मराठी राज्य इथे आलं. आमच्याकडे सराफा नावाचा बाजार आहे. दिवसा सोन्याची दुकानं, ती बंद झाली की तिथेच खायचे ठेले लागतात. मला तिथली गरम जलेबी आवडते. तुझ्या गल्लीत रात्री काय चालू असतं?"

प्रश्न एकच, आणि 'हो-नाही'त न संपणारा. सईने आधी नऊ विचारले होते. ती मुलाखत झाली असती.

पाकिटावर युकीच्या पत्त्याखाली, शेवटच्या ओळीत, देशाचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावं. आपल्या पत्त्याखाली पिनकोड आणि देश लिहायला लोक हमखास विसरतात. तो पत्ता पत्राच्या आतही लिहावा, कारण पाकीट फाडून फेकलं जातं. तिकिटं घरून अंदाजाने लावू नयेत. पोस्टाच्या खिडकीवर वजन करूनच लावावीत.