gm/ID निवडताना या चुका टाळा

मॉडरेट इन्व्हर्जनमध्ये काम करणारी नवी मंडळी gm/ID चा आकडा आधी ठरवतात आणि ट्रान्झिस्टरची लांबी मागाहून, हे पाहून मला खरोखर वाईट वाटते. गेन मुख्यतः लांबीच्या हाती असतो. लांबी वाढवली की गेन वाढतो, पण ट्रान्झिस्टरची स्वतःची गती त्याहून वेगाने घसरते. म्हणून मी प्रथम गेनसाठी पुरेशी असलेली किमान लांबी ठरवतो आणि त्यानंतरच gm/ID च्या आलेखाकडे वळतो.

दुसरी चूक अधिक महाग पडते. "gm/ID जितका मोठा, तितका करंट कमी" एवढेच लक्षात ठेवून एका सहकाऱ्याने १८० नॅनोमीटर प्रोसेसमधल्या स्विच्ड-कपॅसिटर ॲम्प्लिफायरच्या इनपुट जोडीसाठी २४ हा आकडा घेतला. १ पिकोफॅरड लोडवर १०० मेगाहर्ट्झसाठी सुमारे ६२८ मायक्रोसीमेन्स gm लागतो, म्हणजे प्रत्येक बाजूला २६ मायक्रोॲम्पिअर. कागदावर हे फारच स्वस्त दिसत होते. सॅम्पलिंग आणि फीडबॅक कपॅसिटर प्रत्येकी अर्धा पिकोफॅरड असल्यामुळे फीडबॅक फॅक्टर ०.५ आणि लूपची बँडविड्थ ५० मेगाहर्ट्झ मिळेल, असे त्याने धरले होते. मात्र १ मायक्रॉन लांबीला रुंदी १६८ मायक्रॉनवर गेली आणि गेट कपॅसिटन्सही जवळजवळ अर्धा पिकोफॅरड झाला. फीडबॅक फॅक्टर ०.३३ वर आला, बँडविड्थ ३३ मेगाहर्ट्झवर अडकली आणि आउटपुट वेळेत स्थिरावेना.

त्याने घाईने रुंदी आणि करंट दोन्ही दुप्पट केले. त्यामुळे गेटचा भारही दुप्पट झाला, आणि ५० मेगाहर्ट्झ गाठायला ५२ मायक्रोॲम्पिअर खर्ची पडले. त्याच लांबीवर gm/ID १९ धरून मी हिशेब मांडला, तेव्हा तेवढ्याच बँडविड्थला ४५ मायक्रोॲम्पिअर आणि शंभराच्या आतली रुंदी पुरली. मात्र १५ वर उतरलो तर करंट पुन्हा ५३ च्या आसपास जातो. सर्वांत कमी करंटचे हे ठिकाण मॉडरेट इन्व्हर्जनच्या मधोमध सापडते, आणि गेटचा भार हिशेबात धरल्याशिवाय ते दिसत नाही. म्हणून मी १४ ते २४ पर्यंत दोन-दोनच्या टप्प्याने रुंदी, गेट कपॅसिटन्स आणि फीडबॅक फॅक्टर वहीत लिहून काढतो. या कामाला अर्धा तास लागतो आणि तो वाचवू पाहणाऱ्यांचे पुढे आठवडे जातात.

स्क्वेअर लॉने रुंदी काढू नये: gm/ID १५ ला ते सूत्र निम्मीच रुंदी सुचवते, आणि ठरलेल्या करंटवर gm पाचव्या हिश्श्याने कमी भरतो.

इनपुट जोडीचा gm/ID लोड ट्रान्झिस्टरला तसाच लावू नये, कारण लोडचा gm जितका मोठा, तितका त्याचा नॉइज इनपुटवर अधिक दिसतो. तिथे मी आकडा मुद्दाम खाली ठेवतो, मात्र आउटपुट स्विंगला तेवढी जागा उरते की नाही हे तपासूनच.