गेम स्टुडिओला कव्हर लेटर पाठवताय? या चुका टाळा

आमच्या स्टुडिओत सगळी मिळून आठ माणसं. एचआर वगैरे भानगड नाही, त्यामुळे ज्युनिअर डेव्हलपरच्या जागेसाठी आलेले अर्ज मीच वाचतो, तेही बिल्ड होईपर्यंतच्या वेळात, फोनवर. "मला लहानपणापासून गेम्सची आवड आहे" हे पहिलं वाक्य पाठ झालंय आता. त्यात चूक काही नाही, पण आवड नसलेला माणूस या पगारात इकडे कशाला फिरकेल?

मी पत्रात आधी लिंक शोधतो, आणि बरेचसे अर्ज तिथेच अडकतात. ड्राइव्हवर APK ठेवलेली असते. टिचकी मारली की You need access. आता मी परवानगी मागायची, तुम्ही ती कधीतरी द्यायची, तोवर मी पुढच्या पत्रावर गेलेला असतो. शेअरिंगमध्ये Restricted च्या जागी Anyone with the link केलं की हे सुटतं. पण लिंक उघडली तरी अनोळखी माणसाची APK मी माझ्या फोनवर घालणार नाही, हेही धरून चाला.

त्यापेक्षा itch.io वर वेब बिल्ड ठेवा आणि सोबत चाळीसेक सेकंदांचा व्हिडिओ द्या. व्हिडिओ लोगोपासून नको, खेळापासून सुरू करा. वेब बिल्डच्या दोन खोड्या ठरलेल्या आहेत. एक, पान Draft राहतं. तुम्ही लॉग-इन असता म्हणून तुम्हाला ते छान दिसतं, मला दिसत नाही. दुसरी, लोडिंगची पट्टी शेवटाला येऊन थांबते. युनिटीने बिल्ड दाबून लहान केलेली असते आणि सर्व्हर ती ब्राउझरला नीट सांगून पाठवत नाही, हे त्याचं नेहमीचं कारण. Player Settings मधल्या Publishing Settings मध्ये Decompression Fallback चालू करून पुन्हा बिल्ड काढा. मग इनकॉग्निटो खिडकीत आणि घरातल्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघा. फोनवर वेब बिल्ड रडत असेल तर पत्रात सरळ "लॅपटॉपवर उघडा" असं लिहा, व्हिडिओ आहेच.

प्ले स्टोअरची लिंक नाही म्हणून कानकोंडं व्हायचं कारण नाही. नव्या वैयक्तिक खात्याला आता आधी किमान 12 टेस्टर घेऊन सलग 14 दिवस क्लोज्ड टेस्टिंग करावं लागतं, हे आम्हालाही माहीत आहे. "टेस्टिंग चालू आहे" एवढं लिहिलंत तरी पुरे. "पब्लिश केला" लिहून ठेवू नका. शोधायला आम्हाला दहा सेकंद लागतात.

आता मजकूर. मागे एका मुलीचं पत्र आलं होतं. पत्र इंग्रजीत होतं, आशय असा: "अंतिम वर्षात आम्ही चौघांनी युनिटीमध्ये स्पेस शूटर बनवला. मला C#, ऑब्जेक्ट पूलिंग आणि ऑप्टिमायझेशन येतं." चौघांपैकी हिने काय केलं? पूलिंग केलं की नुसतं व्हिडिओत पाहिलं? लिंक चालत होती आणि गेम बरा होता, म्हणून फोन केला. बोलताना जे निघालं ते पत्रात असतं तर असं वाचलं असतं:

"चौघांच्या गेममध्ये गोळीबार आणि शत्रूंच्या लाटा माझ्याकडे होत्या. 3 जीबी रॅमच्या फोनवर गोळीबार वाढला की गेम अडखळायचा. प्रोफायलरमध्ये GC.Collect चे उंच खांब दिसले: प्रत्येक गोळीसाठी Instantiate आणि Destroy होत होतं. 40 गोळ्या आधीच बनवून त्याच फिरवून वापरल्या, तेव्हा अडखळणं थांबलं. शत्रूंसाठी हे अजून केलेलं नाही."

शेवटचं वाक्य मला सगळ्यात आवडतं. काय राहिलंय हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासोबत काम करणं सोपं जातं. "ऑप्टिमायझेशन येतं" म्हणणाऱ्याला मी फ्रेम रेट विचारतो, आणि मोबाइलवर युनिटी मुळात 30 वर चालते, ते targetFrameRate ने बदलावं लागतं, इथेच बरेचजण गडबडतात. लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर असा एक प्रश्न येणार, हे धरूनच लिहा.

ट्युटोरियल बघून केलेला गेम असेल तर तसं सांगा. ते आम्ही ओळखतोच. सँपल प्रोजेक्टमधला तोच कोल्हा, तीच नाणी. त्यात तुम्ही स्वतःचं काय घातलं, दुहेरी उडी म्हणा की सेव्ह सिस्टिम, तेवढ्यावर दोन ओळी द्या.

राहिला आमच्याबद्दलचा परिच्छेद. "आपल्या नामांकित संस्थेत" वाचलं की हसू येतं, आठ माणसांचं काय नामांकित! त्याऐवजी आमचा एखादा गेम अर्धा तास खेळा. एकाने लिहिलं होतं, "तिसऱ्या लेव्हलला अंगठ्याखाली उडीचं बटण झाकलं जातं, माझा फोन लहान आहे म्हणून असेल." तो बग खरा होता. आम्ही त्याला दुसऱ्याच दिवशी बोलावलं.

आणि पाठवण्याआधी स्टुडिओचं नाव एकदा वाचा. याच आठवड्यात मला दुसऱ्याच स्टुडिओसाठी लिहिलेलं एक पत्र आलंय. चांगलं होतं.