केपी सर्टिफिकेटच्या नंबरातली पहिली दोन अक्षरं: या चुका टाळा

रफ, म्हणजे पैलू न पाडलेल्या, हिऱ्यांच्या कागदपत्रांच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. नवीन माणूस आला की मी त्याच्यापुढे एक किम्बर्ली प्रोसेस सर्टिफिकेट ठेवते आणि विचारते, "हा माल कुठला?" तो नंबर पाहतो, सुरुवातीची दोन अक्षरं वाचतो आणि पाच सेकंदांत देशाचं नाव सांगून मोकळा होतो. मग त्याला पुढचा अर्धा तास माझं ऐकावं लागतं. तेच इथे लिहिते आहे.

आधी नियम. किम्बर्ली प्रोसेस, म्हणजे केपी, ही बंडखोरांच्या लढायांना पैसा पुरवणारे हिरे व्यापारातून रोखण्याची आंतरराष्ट्रीय योजना १ जानेवारी २००३ पासून लागू झाली. तिच्यात सहभागी असलेल्या देशांमध्ये रफ हिऱ्यांचं पार्सल सर्टिफिकेटशिवाय सीमा ओलांडू शकत नाही. प्रत्येक सर्टिफिकेटला स्वतःचा वेगळा नंबर हवा आणि त्यात आयएसओ ३१६६-१ यादीतला दोन अक्षरी देशकोड हवा. कोडापुढचे आकडे कसे लावायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणून एका देशाचा नंबर पाहून दुसऱ्याच्या नंबरात किती आकडे असावेत याचा अंदाज बांधू नका. सगळ्यांना सारखी वाचता येतात ती दोन अक्षरंच, आणि तीही लोक धड वाचत नाहीत.

कोड म्हणजे खाणीचा देश, ही समजूत

माझा सगळ्यात जुना राग या चुकीवर आहे. कोड सांगतो ते सर्टिफिकेट कोणी दिलं. हिरा जमिनीतून कुठे निघाला, हे तो सांगत नाही. योजनेच्या मूळ मसुद्यातच दोन वेगळ्या व्याख्या आहेत: एक, जिथे माल खणून काढला तो देश, दुसरा, माल शेवटी ज्या सहभागी देशातून निर्यात झाला तो. नंबरातला कोड दुसऱ्याशी जुळतो. पहिल्यासाठी सर्टिफिकेटवर मूळ देशाचा वेगळा रकाना असतो. माल एकाच मूळ देशाचा असेल तरच तिथे देशाचं नाव येतं. मिसळलेला असेल तर तो रकाना देश सांगत नाही, माल मिश्र आहे एवढंच कळतं.

`AE` ने सुरू होणारा नंबर घ्या. संयुक्त अरब अमिरातीत हिऱ्याची खाण नाही. तरी मूळ देश म्हणून "यूएई" भरलेल्या एंट्री मी स्वतःच्या हाताने खोडल्या आहेत. ही चूक निदान चटकन दिसते. जास्त फसवतो तो `BW`. बोत्सवाना हा खरोखरच मोठा उत्पादक देश, त्यामुळे कोड पाहिला की मूळ देश बोत्सवाना असं लिहून माणूस निर्धास्त होतो. पण डी बिअर्स या हिरे कंपनीने २०१३ मध्ये आपली एकत्रीकरणाची आणि विक्रीची व्यवस्था लंडनहून बोत्सवानाच्या राजधानीत, गॅबरोनला, हलवली. एकत्रीकरण म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या खाणींचा माल एकत्र करून आकार आणि प्रतीप्रमाणे लावणं. बोत्सवाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका आणि कॅनडा इथला माल असा एकत्र झाला की बाहेर पडणाऱ्या पार्सलवर कोड `BW` असतो, पण आतला प्रत्येक खडा बोत्सवानाचा असेलच असं नाही. नंबर खरा, सर्टिफिकेट खरं, खोटी फक्त तुमची एंट्री.

पूर्वी अशी एंट्री आकडेवारी बिघडवायची, एवढंच. आता ती अंगाशी येते. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२४ पासून रशियातून थेट येणारे हिरे बंद केले. १ मार्च २०२४ पासून तिसऱ्या देशात पैलू पाडलेल्या रशियन मूळच्या हिऱ्यांवरही बंदी आली. ती आधी एक कॅरेट आणि त्यावरच्या खड्यांना होती, १ सप्टेंबर २०२४ पासून अर्ध्या कॅरेटपर्यंत खाली आली. ग्राहक विचारतो, "हा रशियन नाही ना?" आणि आपला उत्साही मुलगा उत्तर देतो, "नाही, नंबर `RU` ने सुरू होत नाही." अरे बाबा, रशियातून निघालेला माल दुसऱ्या देशात उतरला आणि तिथून पुन्हा निर्यात झाला की त्याला त्या दुसऱ्या देशाच्या कोडाचं नवीन सर्टिफिकेट मिळतं. जुनं सर्टिफिकेट तिथेच राहतं. आयात करणाऱ्या देशात ते किमान तीन वर्षं उपलब्ध असावं असा नियम आहे, पण पुढच्या पार्सलबरोबर ते प्रवास करत नाही.

म्हणून माझी पद्धत अशी. नंबर वाचल्यावर मी बोट उचलून सर्टिफिकेट देणाऱ्या अधिकाऱ्याच्या रकान्यावर ठेवते, आणि तिथून मूळ देशाच्या रकान्यावर. कोड आणि अधिकारी जुळलेच पाहिजेत. कोड आणि मूळ देश जुळायलाच हवेत असं नाही. मूळ देशाच्या जागी मिश्र असेल तर एंट्रीतही मिश्रच लिहायचं आणि खाणीपर्यंतचा पुरावा पुरवठादाराच्या आधीच्या कागदांतून मागवायचा. तो सर्टिफिकेटातून काढता येत नाही, कितीही डोळे फोडलेत तरी.

दोन काँगो

ही माझी स्वतःची फजिती आहे. आमच्याकडे किन्शासाहून एक पार्सल आलं. नंबर `CD` ने सुरू होत होता; पुढचे आकडे इथे बदलून लिहिते, समजा `CD 004517`. त्या दिवशी घाई होती. मी फॉर्ममध्ये देशाच्या जागी "काँगो" टाइप केलं, यादीत जे पहिलं आलं ते निवडलं आणि सही केली. यादी नावाप्रमाणे लावलेली होती. "काँगो" म्हटल्यावर आधी काँगो प्रजासत्ताक आलं, राजधानी ब्राझाव्हिल, कोड `CG`. काँगो लोकशाही प्रजासत्ताक, राजधानी किन्शासा, कोड `CD`, ते त्याच्या खाली होतं. फॉर्मने मी निवडलेल्या देशाचा कोड आपणहून नंबराला जोडला. सर्टिफिकेटवर `CD 004517`, आमच्या नोंदीत `CG 004517`.

माल सुटला, वाटला गेला, मी विसरले. आयात झाली की माल पोचल्याची पोच निर्यात करणाऱ्या देशाच्या अधिकाऱ्याकडे जायला हवी, आणि तिच्यात सर्टिफिकेट नंबर, पार्सलांची संख्या, कॅरेट वजन, आयातदार आणि निर्यातदार एवढं तरी असावं लागतं. आमच्या चुकीच्या नोंदीवरून निघालेली पोच नदीच्या पलीकडे गेली. ब्राझाव्हिल आणि किन्शासा काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, पण कागदाला पूल नसतो. काही आठवड्यांनी निर्यातदाराचा फोन आला: "बाई, आमच्या नंबराची पोच कुठे आहे?" मी रजिस्टरमध्ये `CD 004517` शोधलं. नाही. पुन्हा शोधलं. नाही. माल आलाच नव्हता की काय, अशी शंका येऊन घाम फुटला. शेवटी एका सहकाऱ्याने अक्षरं काढून नुसतं `4517` शोधलं, तेव्हा ते `CG` खाली दडलेलं सापडलं. मग खुलाशाचं पत्र, सर्टिफिकेटची प्रत, दुरुस्त नोंद, असं सगळं निस्तरत बसले.

तेव्हापासून दोन सवयी लागल्या. नंबर सापडला नाही की मी आधी नुसते आकडे शोधते, सुरुवातीची शून्यं सोडून. आणि कोड कधीही देशाच्या नावाने वाचत नाही, राजधानीने वाचते: "सी-डी किन्शासा, सी-जी ब्राझाव्हिल, सी-एफ बांगी". बांगी ही मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी. आणि हे सगळं मोठ्याने. शेजारचे हसतात, हसू देत. यादीतून देश निवडणं म्हणजे वेळ वाचवणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ते पत्र लिहून बघावं. कागदावर छापलेली अक्षरं आहेत, ती तशीच टाइप करायला दोन कळा लागतात.

नामिबिया गायब होतो

नामिबियाचा कोड `NA`. अनेक प्रोग्रॅम `NA` याचा अर्थ "माहिती नाही" असा घेतात. नंबराचा कोड वेगळ्या कॉलममध्ये तोडून ठेवला असेल आणि फाइल पायथनच्या पांडास लायब्ररीने उघडली, तर नामिबियाच्या सगळ्या ओळींत तो रकाना रिकामा दिसतो. कोणीतरी "अपूर्ण नोंदी" म्हणून त्या ओळी काढून टाकतो आणि नामिबियाची आयात शून्य होते. फाइल अशी उघडा:

```
import pandas as pd
df = pd.read_csv("kp.csv", dtype=str, keep_default_na=False)
```

`dtype=str` मुळे आकड्यांच्या सुरुवातीची शून्यंही शाबूत राहतात. स्प्रेडशीटमध्येही नंबराचा कॉलम आधी टेक्स्ट करा, मग डेटा चिकटवा. उलट्या क्रमाने केलंत तर गेलेली शून्यं परत येत नाहीत.

बाकीच्या, थोडक्यात

`CH` म्हणजे स्वित्झर्लंड, चीन `CN`. दक्षिण आफ्रिका `ZA`, आणि `SA` हा सौदी अरेबियाचा कोड आहे. `SL` सिएरा लिओन, श्रीलंका `LK`. गिनी `GN`, गयाना `GY`, घाना `GH`. तिन्ही हिरे काढणारे देश आहेत, त्यामुळे चुकलात तरी एंट्री खरी वाटते आणि कोणी अडवत नाही. अंगोलाच्या `AO` मधलं दुसरं अक्षर ओ आहे, शून्य नाही. स्कॅन करून मजकूर उचलणाऱ्या प्रोग्रॅमवर इथे अजिबात विसंबू नका. स्वाझिलँडचं नाव २०१८ मध्ये एस्वातिनी झालं तरी कोड `SZ` च आहे.

कोड यादीत सापडला म्हणजे काम झालं, असंही नाही. आयएसओच्या यादीतला प्रत्येक देश किम्बर्लीत नाही, आणि जे आहेत ते कायम आत होते असंही नाही. `CG` ला २००४ मध्ये बाहेर काढलं होतं, ते २००७ मध्ये परत आलं. `CF`, म्हणजे मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, मे २०१३ मध्ये निलंबित झालं, २०१५ पासून ठराविक भागांतल्या मालाला वाट मिळाली आणि निलंबन पूर्ण उठलं ते नोव्हेंबर २०२४ मध्ये. तेव्हा कोडाशेजारी सर्टिफिकेट दिल्याची तारीख वाचा आणि त्या तारखेला तो देश कुठे उभा होता ते बघा. आजची यादी जुन्या कागदाला लावू नका.

युरोपचं प्रकरण वेगळं. युरोपीय संघ हा योजनेत एकच सहभागी आहे, त्यामुळे बेल्जियममधल्या अँटवर्पहून आलेल्या पार्सलचा नंबर `EU` ने सुरू होतो. बेल्जियमचा `BE` सर्टिफिकेटच्या नंबरात दिसला तर पार्सल न उघडता फोन उचला. नेमका कुठल्या शहरातला अधिकारी, हे कोडावरून कळत नाही, त्याच्या रकान्यातच पाहावं लागतं. ब्रिटन १ जानेवारी २०२१ पासून स्वतंत्र सहभागी आहे आणि त्याचा कोड `GB`, `UK` नाही. त्याआधीच्या फायलींत लंडनच्या अधिकाऱ्याची सही आणि `EU` चा नंबर एकाच कागदावर दिसेल. मागच्या महिन्यात एका मुलाने असाच २०१९ चा कागद लाल शेरा मारून माझ्या टेबलावर आणून ठेवला, "कोड चुकीचा". मी शेरा खोडला आणि कागद फायलीत परत लावला.