शिबिरात बीपीबद्दल बोलताना या चुका टाळा

कोल्हापुरात एका तालमीच्या हॉलमध्ये तपासणी शिबिर होतं. माझं भाषण अकराला आणि बीपीची तपासणी दहापासून, असं आयोजकांनी ठरवलं होतं. मी पोचलो तेव्हा पन्नाशीच्या एक मावशी खुर्चीच्या कडेला बसून पदरानं घाम पुसत होत्या. मोजणाऱ्या मुलानं सगळ्यांना ऐकू जाईल असं "एकशे अडुसष्ट, शहाण्णव" म्हटलं होतं आणि पुढच्या माणसाला हाक मारली होती. मावशी मला म्हणाल्या, "डॉक्टर, आता काय खरं न्हाई माझं. पोरीचं लगीन हाय पुढल्या महिन्यात."

पहिली चूक इथंच झाली होती. भाषणाच्या आधी मोजणी ठेवली की लोक आकडा मनात घेऊन बसतात आणि पुढचं काही ऐकत नाहीत. आधी दहा-पंधरा मिनिटं बोलावं, मग मोजावं. त्या बसण्यात लोकांचा दमही खाली येतो. आकडा मोठ्यानं ओरडू नये. कागदावर लिहून हातात द्यावा आणि पुढं काय करायचं, ते त्याच दमात सांगावं.

दुसरी चूक मोजण्यातली. मावशी जिना चढून थेट रांगेत आल्या होत्या. पट्टा ब्लाऊजच्या बाहीवरून बांधला होता, हात मांडीवर लोंबत होता, आणि मोजताना तो मुलगा त्यांना नाव-गाव विचारत होता. घरून निघताना त्यांनी मिसरी लावली होती, आणि लघवीला जायचं तासभर राहून गेलं होतं. यातली एकेक गोष्टही आकडा वर नेते, इथं तर सगळ्या एकत्र आल्या होत्या.

आम्ही त्यांना आधी बाथरूमला पाठवलं. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसवलं. हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला, पट्टा उघड्या दंडावर बांधला. त्यांचा दंड जाड होता, म्हणून मोठा पट्टा लावला, कारण लहान पट्टा आकडा उगाच जास्त दाखवतो. आता आला 150/90. एक मिनिट थांबून पुन्हा मोजला, 146/88. दोन्हींची सरासरी 148/89. चहा, तंबाखू, मिसरी यांच्यानंतर अर्धा तास तरी जाऊ द्यायला हवा, आणि तेवढा वेळ तोपर्यंत गेलाच होता.

आता सगळ्यात मोठा मोह होतो तो "मावशी, काही नाही झालेलं, जावा घरी" म्हणण्याचा. मीही पूर्वी हेच म्हणायचो. माणूस हसत घरी जातो आणि पुन्हा कधी मोजत नाही. 168 खरा नव्हता, पण 148 सुद्धा 140 च्या वरच आहे. मी म्हणालो, "मावशी, आज तुम्हाला लगेच धोका नाही. पण बीपी थोडा जास्त दिसतोय. एका दिवसावर आपण ठरवत नाही. पुढच्या दोन आठवड्यांत दोन वेगळ्या दिवशी दवाखान्यात येऊन असंच शांत बसून मोजायचा. तेव्हाही 140/90 च्या वर राहिला तर उपचार सुरू करू." आधी "आज काय", मग "पुढं काय". घाबरलेल्या माणसाला तुमची पहिली दोन वाक्यंच पोचतात.

बीपी म्हणजे काय, हे सांगताना आपल्याकडं उसाला पाणी पाजायच्या पाइपचं उदाहरण हाताशी असतं, आणि ते चांगलंही आहे. मोटर म्हणजे हृदय, पाइप म्हणजे रक्तवाहिन्या. हृदय दाबतं तेव्हाचा जोर म्हणजे वरचा आकडा, ते सैल पडतं तेव्हाचा म्हणजे खालचा. पण "दाब वाढला की पाइप फुटतो" इथं थांबू नका. एका शिबिरात मी तेवढंच म्हणालो होतो, आणि एक आजी रात्रभर कुशीवर वळायला भीत होत्या, कधीही फुटेल म्हणून. आता मी म्हणतो, "जोर रोज जास्त राहिला तर पाइप हळूहळू आतून खराब होतो. त्याला वर्षं लागतात. म्हणून आपल्या हातात वेळ आहे, आणि म्हणूनच दुखत नसलं तरी मोजायचं." डोकं दुखलं म्हणजे बीपी वाढला आणि दुखत नाही म्हणजे ठीक, हा समज इतका घट्ट बसलाय की हे वाक्य मी दोनदा म्हणतो.

तातडीचं मात्र वेगळं आणि थोडक्यात सांगा. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, दम लागणं: यातलं काही अचानक झालं तर बीपी मोजत बसू नका, 108 ला फोन करा. लकव्यात रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. लकव्याचे फोटो पडद्यावर दाखवू नयेत. ज्यांच्या घरात तो झालाय ते खाली मान घालतात आणि पुढचं त्यांच्या कानात जात नाही.

"मीठ कमी करा" हे वाक्यही बिनकामाचं आहे. प्रत्येकाला आपलं जेवण बेताचंच वाटतं. त्यापेक्षा पिशवीचा हिशेब सांगा. माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट छोटा चमचाभरसुद्धा नको, तेही सगळं धरून. चौघांच्या घरात दिवसाला 20 ग्रॅम. किलोची पिशवी निदान पन्नास दिवस पुरली पाहिजे. महिन्यातच संपत असेल तर मीठ जास्त आहे. शिवाय लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ या पिशवीत मोजलंच जात नाही. हा हिशेब सांगितला की बायका आपसांत बोलायला लागतात, तेव्हा समजावं की मुद्दा पोचला. कोल्हापुरात हमखास विचारतात, "मग तांबडा रस्सा बंद का?" तिखटाला बोल लावू नका. घरच्या कांदा-लसूण चटणीत आणि रश्श्यात जे मीठ पडतं, ते बघायला सांगा. सैंधव घातलं म्हणून सुटका नाही, तेही मीठच.

गोळीबद्दल "आता आयुष्यभर घ्यावी लागणार" असं पहिल्याच दिवशी म्हटलं की अर्धी माणसं गोळी सुरूच करत नाहीत. आणि जी करतात, ती आकडा नॉर्मल आला की बंद करतात. मी सांगतो, "आकडा नॉर्मल आलाय तो गोळीमुळं. कमी करायची वेळ आली तर मोजून मी कमी करीन, तुम्ही मनानं बंद करू नका." सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांबद्दलही विचारा, त्यांनी बीपी वाढू शकतो.

शेवटी "समजलं का?" विचारलं की सगळे माना हलवतात. म्हणून मी मावशींना विचारलं, "घरी गेल्यावर लेकीला काय सांगाल?" त्या म्हणाल्या, "बीपी जास्त हाय, गोळी चालू करायची." ठरलं नव्हतं ते त्यांनी ऐकलं होतं. पुन्हा सांगितलं आणि पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "आजचा थोडा जास्त हाय. दोन आठवड्यांत दोनदा दाखवायचा. येताना मिसरी लावायची न्हाई." मग चिठ्ठी लिहून दिली: आजचा आकडा, दोन तारखा, आणि 108.

त्या दोन्ही तारखांना आल्या. 152/92 आणि 148/90. लघवी आणि रक्ताची तपासणी करून गोळी सुरू केली, लग्नाच्या आधी.