कॅडची असेंब्ली रेंडरसाठी हलकी कशी केली (माझा अनुभव)

गिअरबॉक्सची STEP फाइल FreeCAD मधून मेश केली, म्हणजे तिची त्रिकोणांची जाळी बनवली, आणि ती इतकी जड झाली की व्ह्यूपोर्ट फिरेना. मोठी केसिंग जड असेल असं वाटलं होतं, पण वायरफ्रेममध्ये पाहिलं तर केसिंग जवळपास रिकामी आणि बोल्ट मात्र त्रिकोणांनी काळेकुट्ट.

कारण `Angular deviation`, म्हणजे वक्र भागावर शेजारच्या दोन तुकड्यांमधला जास्तीत जास्त कोन, 5 अंश होतं. कोनाला आकाराचं सोयरसुतक नसतं: 3 मिमी त्रिज्येच्या बोल्टलाही वर्तुळाचे 72 तुकडे मिळतात. म्हणून कोन 20 अंशांवर सैल सोडला आणि `Surface deviation`, म्हणजे मेश मूळ पृष्ठभागापासून जास्तीत जास्त किती दूर जाऊ शकते ते अंतर, 0.1 मिमी ठेवलं. आता बोल्टला 18 तुकडे पुरतात, आणि 200 मिमी त्रिज्येच्या फ्लॅंजला 0.1 मिमीच्या अटीमुळे आपोआप शंभरेक मिळतात. क्लोजअप असेल तर तेवढाच भाग वेगळा बारीक करावा.

मग बारीकसारीक भाग. बाउंडिंग बॉक्सचा कर्ण 8 मिमीपेक्षा कमी असलेले भाग निवडले, पण सरसकट उडवले नाहीत. बाहेरचा स्क्रू गेला की तिथे उघडं भोक दिसतं. आतले वॉशर, पिना, सर्क्लिप तेवढे काढले. उरलेल्या एकसारख्या बोल्टांसाठी एकच मेश, बाकी इन्स्टन्स.

डेसिमेट, म्हणजे तयार मेशमधले त्रिकोण कमी करणारा मॉडिफायर, मी टाळतो. कॅडच्या लांबट, सुईसारख्या त्रिकोणांवर तो चालवला की सपाट पृष्ठभागावरही चकाकीत डाग उमटतात. त्यापेक्षा मूळ फाइलमधून पुन्हा टेसलेशन करून नव्याने त्रिकोण पाडलेले बरे.